तीस दाब, दोन श्वास : बीएलएस कोर्सला जाण्याआधी घरी काय करता येतं

जानेवारी २०२३ मधला तो व्हिडिओ कदाचित तुमच्याही व्हॉट्सॲपवर येऊन गेला असेल. चंडीगडच्या हाउसिंग बोर्डाच्या कार्यालयात कामासाठी आलेल्या एका माणसाची शुद्ध हरपते. तेव्हाचे आरोग्य सचिव यशपाल गर्ग धावत येतात, खुर्चीतल्या त्या माणसासमोर उभे राहतात आणि त्याची छाती दाबू लागतात. थोड्या वेळाने माणूस प्रतिसाद देतो आणि त्याला रुग्णालयात नेलं जातं. देशभर गर्ग यांचं कौतुक झालं. आपण याचं प्रशिक्षण घेतलेलं नाही, टीव्हीवर पाहिलेलं आठवलं आणि तसं केलं, असं त्यांनीच पत्रकारांना सांगितलं होतं.

काही डॉक्टरांनी मात्र तेव्हाच एक गोष्ट लक्षात आणून दिली. छाती दाबायची असेल तर माणूस खुर्चीत नको, कडक जमिनीवर पाठीवर आडवा हवा. पुढे येण्याची त्यांची हिंमत मोठीच होती, पण आपल्यासारख्यांनी त्या व्हिडिओतून उचलायची गोष्ट ही खुर्चीची आहे. आपण छाती दाबतो तेव्हा हृदय छातीचं मधलं हाड आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये चेपलं जातं आणि रक्त पुढे ढकललं जातं. त्यासाठी पाठीमागे न हलणारं काहीतरी लागतं. खुर्चीत माणूस मागे सरकतो, घसरतो, आणि आपला अर्धा जोर खुर्चीच्या पाठीतच जिरतो. शिवाय बसलेल्या माणसाच्या मेंदूकडे रक्त वर चढवावं लागतं, ते वेगळंच.

मैत्रिणींनो, सीपीआर आपण सगळ्यांनी 'पाहिलेलं' असतं. करायची वेळ आली की मात्र हातांना काहीच माहीत नसतं. बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे बीएलएसचा कोर्स त्यासाठीच असतो. पण तो बहुतेक ठिकाणी काही तासांत आटोपतो आणि एका पुतळ्यावर आळीपाळीने चार-सहा जण हात चालवतात. घरून थोडी तयारी करून गेलात तर ते मोजके तास खऱ्या अर्थाने कामी येतात. मी तीन आठवडे जी तयारी केली, ती आज तुम्हाला सांगते.

मी का गेले?

मी चंडीगडमध्ये एका कंपनीत कंटेंट लिहिते. इंग्रजीत बीए केलेलं. शरीरशास्त्राशी संबंध दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापुरता. एका जुन्या कोठीच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि खाली घरमालक अंकल-आंटी राहतात. अंकल ७१ वर्षांचे, हृदयात दोन स्टेंट, मुलगा कॅनडात. रात्री खाली कुणी मोठ्याने खोकलं की माझी झोप उडते. ऑफिसच्या प्रथमोपचार पथकासाठी नावं मागवली गेली आणि कोर्सची फी कंपनी भरणार असं कळलं, तेव्हा मी लगेच नाव दिलं.

तुम्हाला कोर्स निवडायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा बीएलएस कोर्स भारतात त्यांनी मान्यता दिलेल्या केंद्रांमध्ये होतो. तो मुख्यतः आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी आखलेला आहे, म्हणून त्यात नाडी तपासणं, बॅग-मास्कने श्वास देणं हेही येतं. शेवटी पुतळ्यावरची परीक्षा आणि २५ प्रश्नांची लेखी परीक्षा असते, त्यात ८४ टक्के म्हणजे २१ उत्तरं बरोबर यावी लागतात. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. घरातल्या माणसांसाठी थोडक्यात शिकायचं असेल तर इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनचा 'सीओएलएस' हा कार्यक्रम आहे. त्यात सामान्य माणसाला फक्त छाती दाबायला शिकवतात, तोंडाने श्वास द्यायला नाही.

आधी जमीन, मग लोड

घरच्या सरावाचा पहिला नियम असा की जिवंत माणसाच्या छातीवर कधीही दाब देऊन पाहायचा नाही. नवरा कितीही म्हणाला, "दाब गं, मला काही होत नाही," तरी नाही. ज्याचं हृदय चालू आहे त्याची बरगडी मोडू शकते. माणसावर फक्त जागा शोधायची. दोन्ही स्तनाग्रांच्या मधोमध छातीचं जे सरळ हाड लागतं, त्याचा खालचा अर्धा भाग ही आपली जागा. त्याहून खाली, पोटाजवळ जे टोक लागतं, तिथे हात नको. मी ही जागा आधी स्वतःवर, मग माझ्या रूममेटवर शोधली. चंडीगडच्या थंडीत ती स्वेटर आणि जॅकेटमध्ये होती, तेव्हा लक्षात आलं की जाड कपड्यांवरून हाडाचा अंदाजच लागत नाही. जॅकेटची चेन उघडून हाड हाताला लागलं पाहिजे. शॉक देण्याचं एईडी यंत्र आलं तर त्याचे पॅड उघड्या त्वचेवरच चिकटवावे लागतात, म्हणजे कपडे बाजूला करायची सवय तशीही हवीच.

दाबण्याच्या सरावासाठी मी घट्ट भरलेला लोड घेतला आणि फरशीवर सतरंजी टाकून त्यावर ठेवला. पलंगावर सराव करू नका. गादी खचते, आपण गादीच दाबत राहतो आणि छान खोल दाबलं असं वाटतं. खऱ्या प्रसंगीही हेच होतं.

आता बसण्याची पद्धत. लोडाच्या अगदी जवळ, गुडघ्यांत खांद्यांइतकं अंतर ठेवून बसा. एका तळहाताची टाच, म्हणजे मनगटालगतचा जाड भाग, मधोमध ठेवा. दुसरा हात त्यावर ठेवून बोटं गुंफा आणि उचलून धरा, म्हणजे बोटांचा भार बरगड्यांवर येत नाही. कोपर सरळ ठेवा आणि इतकं पुढे झुका की खांदे बरोबर हातांच्या वर येतील. दाब हातांच्या ताकदीने द्यायचा नसतो. कमरेतून झुकून वरचं शरीर खाली सोडायचं असतं. माझं वजन ४८ किलो आहे, त्यामुळे मला हे पहिल्यांदा खरं वाटेना. पण खांदे नीट वर आले की माझंही वजन पुरतं.

चुकतंय हे कसं ओळखायचं? फोन बाजूला जमिनीवर उभा करून एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. कोपर वाकत असतील तर त्यात लगेच दिसतं. दुसरी खूण दुखण्याची. दुसऱ्या दिवशी दंड दुखले तर तुम्ही हातांनी ढकलत होतात. पाठ, पोट आणि मांड्या दुखल्या तर पद्धत बरोबर आहे.

खोली लोडावर शिकता येत नाही

मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर दाबली जायला हवी, पण ६ च्या पुढे नको. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल साधारण ५ सेंटिमीटर लांब असतो. तो हातात धरून पाहा. "एवढं?" असंच कुणीही म्हणेल. आपल्याला वाटतं त्यापेक्षा हे बरंच खोल आहे.

लोड मात्र छातीसारखा नसतो. तो वेगळ्या जोराने दबतो आणि सावकाश वर येतो. म्हणून घरी खोलीच्या मागे लागू नका, ती पुतळ्यावर शिकायची गोष्ट आहे. पुतळ्यात स्प्रिंग असते, पुरेसा दाब पडला की बऱ्याच पुतळ्यांत 'टक' असा आवाज येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ पासून मोठ्यांच्या सीपीआरच्या प्रशिक्षणात वेग आणि खोली दाखवणारं मापक बंधनकारक केलं आहे. कोर्सच्या केंद्राला फोन कराल तेव्हा "पुतळ्याला फीडबॅक आहे ना?" एवढं विचारून घ्या.

घरी शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे छाती पूर्ण वर येऊ देणं. दाब सोडल्यावर छाती फुगते तेव्हाच हृदयात पुन्हा रक्त भरतं. दमल्यावर आपण नकळत छातीवर रेलून राहतो, मग हृदय अर्धंच भरतं आणि पुढचा दाब अर्धा वाया जातो. यासाठी मी एक उपाय केला. हाताखाली एक कागद ठेवला आणि रूममेटला सांगितलं, मी वर आले की तो हळूच ओढून बघ. हात जागेवर टेकलेला असूनही कागद सहज सरकला तर आपण रेललेलो नाही. तो अडकला किंवा फाटला तर रेललो आहोत.

दुसरी गोष्ट वेगाची. मिनिटाला १०० ते १२० दाब हवेत. फोनमध्ये मेट्रोनोमचं ॲप घ्या आणि ते ११० वर लावा. आणखी सोपा हिशेब असा की ३० दाबांना १५ ते १८ सेकंद लागले पाहिजेत. १५ पेक्षा कमी लागले तर घाई होते आहे, आणि घाईत खोली हमखास कमी होते. १८ पेक्षा जास्त लागले तर तुम्ही मागे पडताय. एवढा एक आकडा लक्षात असला की ॲपशिवाय नुसत्या स्टॉपवॉचवरही सराव होतो.

इथे मला एक मराठी अडचण आली. दहापर्यंत सगळं छान चालतं. पण "एकोणीस", "एकवीस", "एकोणतीस" हे शब्द अर्ध्या सेकंदात बसवताना जीभ अडखळते आणि जिभेबरोबर हातही. त्यामुळे मी एक ते दहा असं तीनदा मोजायला लागले. पहिला दशक हळू आवाजात, दुसरा थोडा मोठ्याने, तिसरा मोठ्याने, म्हणजे श्वास देणाऱ्याला कळतं की आता आपली पाळी येतेय. मोजणी कोणत्या भाषेत करता याला गुण नसतात. तिसावा दाब कोणता हे दोघांनाही कळलं पाहिजे, एवढंच.

श्वास : कमी, पण नेमका

तीस दाबांनंतर दोन श्वास. इथे बहुतेकांची चूक जोराची असते. आपल्याला वाटतं, माणूस श्वास घेत नाही तर त्याला भरपूर हवा द्यावी. पण जोरात किंवा जास्त हवा दिली तर ती पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते आणि ती श्वासनलिकेत उतरू शकते. शिवाय छाती हवेने ताणलेली राहिली की हृदयाकडे परतणारं रक्तही कमी होतं. म्हणून प्रत्येक श्वास एक सेकंदाचा आणि छाती वर येताना दिसेल एवढाच. तुमचा नेहमीचा श्वास पुरतो, छाती भरून घ्यायची गरज नसते.

हवा आत जायची तर वाट मोकळी हवी. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद करते. एक हात कपाळावर ठेवून डोकं मागे न्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हनुवटीचं हाड वर उचला. हनुवटीखालचा मऊ भाग दाबू नका, त्याने वाट उलट बंद होते. ही एक कृती मात्र जाग्या, तयार असलेल्या माणसावर करून पाहायला हरकत नाही. माझ्या रूममेटने माझ्यासाठी चार वेळा छताकडे पाहिलं. मान अपघातात दुखावली असेल तर वेगळी पद्धत असते, ती कोर्समध्येच शिका.

बॅग-मास्क म्हणजे हॉस्पिटलात ज्याला 'अंबू बॅग' म्हणतात ती. ती घरी नसते, पण तिची पकड घरी शिकता येते. मास्कवर अंगठा आणि तर्जनी गोल, इंग्रजी 'सी' अक्षरासारखे ठेवायचे. उरलेली तीन बोटं 'ई' सारखी जबड्याच्या हाडावर, आणि त्यांनी जबडा मास्ककडे ओढायचा. नवशिक्या उलटं करतात, मास्क चेहऱ्यावर दाबतात. मग हनुवटी खाली जाते, वाट बंद होते आणि हवा बाजूने 'फुस्स' करत निघून जाते. तो आवाज आला की समजायचं, दाबू नका, जबडा उचला. मी सर्जिकलच्या दुकानातून एक पॉकेट मास्क आणला आणि रूममेटच्या चेहऱ्यावर फक्त पकड करून पाहिली, हवा न देता. तिची हनुवटी वर राहते की खाली जाते, हे तीच सांगायची.

बॅग पिळण्याचा अंदाज मात्र पुतळ्याशिवाय येत नाही. मोठ्यांच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा मावते आणि आपल्याला हवी असते अर्धा ते ६०० मिलीलिटर. म्हणजे बॅग पूर्ण पिळायची नाही. एका हाताने, एक सेकंद, छाती उठायला लागली की सोडून द्यायची. कोर्सच्या दिवशी नजर बॅगेवर न ठेवता छातीवर ठेवा. छाती उठलीच नाही तर डोकं पुन्हा नीट मागे न्या आणि दुसरा श्वास द्या. तोही गेला नाही तरी तिसरा देत बसू नका, परत दाबांकडे वळा.

दोन मिनिटांचा हिशेब

आता दोन्ही एकत्र करू. ११० च्या वेगाने ३० दाबांना साधारण १६ सेकंद लागतात. दोन श्वास देऊन परत हात ठेवायला ६ सेकंद लागले, तर एक फेरी २२ सेकंदांची झाली. त्यातले १६ सेकंद दाबण्याचे, म्हणजे सुमारे ७३ टक्के. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एकूण वेळातला किमान ६० टक्के वेळ दाबण्यात गेला पाहिजे. आता समजा मास्क शोधण्यात, डोकं नीट करण्यात ११ सेकंद गेले. फेरी २७ सेकंदांची होते आणि दाबण्याचा वाटा ५९ टक्क्यांवर येतो. दाब थांबले की हृदयाला मिळणारा रक्तदाब लगेच पडतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर तो चढायला बरेच दाब जातात. म्हणूनच सांगतात की थांबणं १० सेकंदांच्या आत हवं.

अशा पाच फेऱ्या म्हणजे जवळपास दोन मिनिटं, आणि त्यानंतर माणूस बदलायचा. "मी दमले नाही" यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण खोली आपल्याला जाणवायच्या आधीच कमी होऊ लागते. बदल ५ सेकंदांत व्हायला हवा. दुसरी व्यक्ती आधीच समोरच्या बाजूला गुडघ्यांवर बसून तयार असेल तरच ते जमतं.

माझा रोजचा सराव एवढाच होता. संध्याकाळी लोडावर पाच फेऱ्या, स्टॉपवॉच चालू. श्वासांच्या जागी उशीवर डोकं मागे नेण्याची कृती आणि "एक सेकंद, एक सेकंद" असं म्हणणं. प्रत्येक फेरीत किती वेळ थांबले ते रूममेट वहीत लिहायची. पहिल्या आठवड्यात ९, १०, १२ असे आकडे होते. तिसऱ्या आठवड्यात ५ आणि ६. वेळ मास्क नेमका कुठे ठेवते यात जात होता. तो डोक्याजवळ, उजव्या हाताशी ठेवला आणि तीन सेकंद वाचले.

दाबायच्या आधीचे दहा सेकंद

हा भाग व्हिडिओत बहुधा नसतोच. आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहा. खांद्यांवर थाप मारून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही तर मदतीला ओरडा, ११२ वर फोन लावून तो स्पीकरवर ठेवा आणि एईडी मिळण्यासारखं असेल तर मागवा. मग श्वास आणि मानेतली नाडी एकाच वेळी तपासा, कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १० सेकंद. नाडीचा सराव स्वतःच्या मानेवर करा. घशाच्या कंठापासून बोटं बाजूला खाचेत सरकवा. एकाच बाजूला, हलक्या हाताने. दोन्ही बाजू एकदम दाबू नका. दहा सेकंदांत नाडी नक्की लागली नाही तर शोधत बसायचं नाही, दाब सुरू करायचे.

आणि एक फसवी गोष्ट. हृदय थांबल्यावर काही जण थोडा वेळ मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा तोंड उघडून, थांबून थांबून, घरघर करत श्वास ओढतात. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे. तो श्वास नव्हे. माणूस उत्तर देत नाही आणि असा श्वास येतोय, तर दाब सुरू करायचे.

कोर्सच्या दिवशी

सलवार-कमीज किंवा ट्रॅकपँट घाला, गुडघ्यांवर बराच वेळ बसायचं असतं. बांगड्या, अंगठ्या काढा, नखं कापून जा. पोटभर पराठे खाऊन जाऊ नका. पुस्तक आधी वाचा, पण नवी आवृत्ती पाहून घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. तान्ह्या बाळाची छाती दोन बोटांनी दाबायची जुनी पद्धत त्यात नाही. त्याऐवजी दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी, किंवा एका तळहाताच्या टाचेने दाबायला सांगितलं आहे. जुने व्हिडिओ पाहून गेलात तर इथे गोंधळ होईल.

पुतळ्यावर हात ठेवला तेव्हा मला कळलं की लोड किती मऊ होता. पहिल्या दहा दाबांत 'टक' आलाच नाही. वेग, कोपर, मोजणी यांचा विचार करावा लागत नव्हता, त्यामुळे सगळं लक्ष खोलीवर देता आलं आणि दुसऱ्या फेरीपासून मापकावर हिरवा दिवा लागला. माझ्या शेजारी एक तरुण नर्स होती. ती म्हणाली की वॉर्डात गरज पडते तेव्हा पलंगावर पेशंटच्या पाठीखाली कडक फळी सरकवतात. गादीचा प्रश्न त्यांनाही असतोच.

घरी परतल्यावर

प्रमाणपत्र दोन वर्षांचं असलं तरी हात काही महिन्यांतच विसरू लागतात. म्हणून महिन्यातून एकदा मी पाच फेऱ्या करते, आणि आता त्या खाली, आंटींच्या हॉलमध्ये करते. आम्ही दोघींनी कामं वाटून घेतली आहेत. अंकल पलंगावर असतील तर त्यांच्याखालच्या चादरीला दोघींनी धरून, डोकं सांभाळत, त्यांना जमिनीवर घ्यायचं. ११२ ला फोन आंटींनी करायचा, आधी सेक्टर, मग घर नंबर, मग नाव. त्यानंतर गेटचं कुलूप उघडून बाहेरचा दिवा लावायचा. मी दाबायचं. दोन मिनिटांनी आंटींनी माझ्या जागी यायचं, निदान अर्धं मिनिट. कुलपाची किल्ली फ्रिजवर असायची, ती आता दाराच्या खिळ्याला लटकते. हे सगळं अंकल समोर सोफ्यावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मला पलंगावरून ओढताना जरा हळू."

एक गोष्ट मी आंटींना स्पष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते. हे सगळं अचूक केलं तरी माणूस वाचेलच असं नसतं. काही वेळा बरगडी मोडल्याचा आवाज येतो, तरी थांबायचं नसतं. आपण करतो ते एवढंच की ॲम्ब्युलन्स आणि एईडी येईपर्यंत मेंदूला थोडं रक्त मिळत राहावं.

मला खरी काळजी साताऱ्याची होती. तिथे आई-बाबा दोघंच असतात आणि मी इथे बसून त्यांच्यासाठी काहीच दाबू शकत नाही. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, माझे गुडघे जमिनीला टेकले तर मलाच उचलायला माणूस लागेल." मग आम्ही शेजारच्या घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला बोलावलं. त्याला फक्त दाब शिकवले, श्वास नाहीत. आईकडे दोन कामं दिली. एक, आधी त्याला हाक मारायची आणि लगेच ११२ लावायचा. दुसरं, खुर्चीत बसून मोजायचं. गेल्या रविवारी त्यांनी दिवाणखान्यात सतरंजीवर लोड ठेवून दोन मिनिटं सराव केला आणि मी इथून स्टॉपवॉच लावलं. ३० दाबांना १७ सेकंद लागले. आई एक ते दहा तीनदा मोजत होती, तिसऱ्यांदा मोठ्याने.